तीन फासे, २१६ शक्यता आणि गोव्याला निघालेले पाच मित्र

*‘आम्ही पाच मित्र, लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या धंद्यात. सोयाबीनची गडबड उरकली की गोव्याला जायचं ठरलंय. आमच्यातला एक जण मागच्या वर्षी कॅसिनोत सिक बोच्या टेबलावर, म्हणजे तीन फाशांच्या खेळात, बेरीज ९ वर लावून चांगले पैसे घेऊन आला. तो म्हणतो, बिग-स्मॉलवर लावणं म्हणजे वेळ घालवणं, खरा पैसा ९ वर, जोडीवर आणि तिन्ही सारखे येण्यावर. शिवाय स्क्रीनवर सलग बिग आले की स्मॉलवर दुप्पट करत जायचं, कधीतरी येतंच, असंही म्हणतो. पाच जणांनी मिळून २०,००० रुपये काढलेत आणि हिशोब माझ्याकडे दिलाय. कुठं लावावं, कुठं अजिबात लावू नये? आणि जाण्याआधी मोबाईलवर सराव करावा का?’*
*— हिशोब सांभाळणारा, लातूर*

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आधी तीच तपासू. ‘कुठं लावावं’ असं विचारताना टेबलावर फायद्याची एखादी जागा असणार आणि ती सापडली की झालं, असं तुम्ही धरून चालला आहात. सिक बोच्या टेबलावर फायद्याची जागा नसते. तिथे कमी नुकसानीच्या, जास्त नुकसानीच्या आणि फारच वाईट अशा जागा असतात. चांगली बाब एवढीच की त्यांच्यातला फरक टेबलावर उभं राहून, कागद-पेन न घेता काढता येतो. तुम्ही रोज वजन, भाव आणि आडत यांचा हिशोब करता, तुम्हाला तो जड जाणार नाही.

एका फाशाला सहा बाजू. तीन फासे म्हणजे ६ गुणिले ६ गुणिले ६, एकूण २१६ शक्यता. आता धरा, तुम्ही एकाच जागेवर एक-एक रुपया असा २१६ वेळा लावला आणि प्रत्येक शक्यता बरोबर एकदा आली. या २१६ रुपयांपैकी तुमच्या हातात किती परत येतात? ती जागा जितक्या प्रकारे जिंकते तो आकडा घ्यायचा आणि त्याला ‘मोबदला अधिक १’ ने गुणायचं. अधिक १ कशाला, तर जिंकल्यावर तुमचा मूळ रुपयाही परत मिळतो. उत्तर २१६ च्या जितकं जवळ, तितकी ती जागा बरी. जेवढं कमी पडेल तेवढं कॅसिनोचं. त्यालाच हाउस एज म्हणतात.

बिग-स्मॉल घ्या. स्मॉल म्हणजे बेरीज ४ ते १०, बिग म्हणजे ११ ते १७. पुष्कळ लोक याला निम्मं-निम्मं समजतात, पण तिन्ही फासे सारखे आले की बिग आणि स्मॉल दोन्ही हरतात. त्यामुळे प्रत्येक बाजूला १०८ ऐवजी १०५ शक्यता उरतात. मोबदला एकास एक. १०५ गुणिले २ म्हणजे २१०. परत आले २१०, गेले ६, म्हणजे २.७८ टक्के. सम-विषम हा डाव असेल आणि त्यातही तिन्ही सारखे आल्यावर हार धरत असतील, तर त्याचाही हिशोब हाच.

आता तुमच्या मित्राचा ९. तीन फाशांची बेरीज ९ सहा गटांनी होते: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. बेरीज १० सुद्धा सहाच गटांनी होते: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. म्हणून दोन्ही सारख्याच येत असतील असं वाटतं. सतराव्या शतकात गॅलिलिओने नेमक्या याच प्रश्नावर एक टिपण लिहिलं होतं, कारण खेळणाऱ्यांना अनुभवाने १० थोडा जास्त येताना दिसत होता. खुबी अशी आहे की तिन्ही आकडे वेगळे असतील तर तो गट सहा प्रकारे पडतो, दोन सारखे असतील तर तीन प्रकारे आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच प्रकारे. मोजून बघा. ९ चे झाले ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ म्हणजे २५, आणि १० चे ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ म्हणजे २७. तो ३-३-३ चा एकुलता एक प्रकार ९ ला मागे ओढतो.

बऱ्याच टेबलांवर ९, १०, ११ आणि १२ या चारही बेरजांना एकास सहा असा एकच मोबदला असतो. म्हणजे १० वर २७ गुणिले ७, परत १८९. ९ वर २५ गुणिले ७, परत फक्त १७५. कमी पडले ४१, जवळपास १९ टक्के. १२ हा ९ चा जुळा, त्याचंही तेच. चार चौकटी शेजारी शेजारी, मोबदला सारखा, दिसायला काहीच फरक नाही, आणि त्यातल्या दोन उरलेल्या दोघींपेक्षा उघड उघड तोट्याच्या. तुमच्या मित्राने नेमकी त्यातली एक निवडली. त्याच बेरजेला एखाद्या टेबलावर एकास सात मिळत असेल तर मात्र २५ गुणिले ८, परत २०० येतात आणि तोटा ७.४ टक्क्यांवर उतरतो.

मग मित्र जिंकला कसा, हे तुम्ही विचारणारच. तो खोटं बोलत नसणार. समजा एका तासात ४० डाव झाले आणि दर वेळी त्याने ९ वरच लावलं. नफ्यात उठायला ४० पैकी किमान ६ वेळा ९ यायला हवा. सरासरीने तो साडेचार-पावणेपाच वेळा येतो, पण शंभर जणांनी असा तास खेळला तर साधारण ३१ जणांना तो सहा किंवा जास्त वेळा येतो. हे ३१ जण गावी येऊन सांगतात. उरलेले ६९ ‘समुद्र फार छान होता’ एवढंच सांगतात. एका रात्रीच्या जिंकण्यावरून जागा चांगली की वाईट हे कळतच नाही. ते २१६ च्या हिशोबावरूनच कळतं.

जोडीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण टेबलावरची सर्वांत फसवी जागा तीच आहे. ‘दोन चौक्के येतील’ असं म्हणून लावायचं आणि तीनपैकी निदान दोन फाशांवर ४ यायला हवा. असं २१६ पैकी १६ वेळा होतं. काही टेबलांवर याला एकास दहा मिळतात: १६ गुणिले ११, परत १७६. हेच मुळात वाईट. पण बऱ्याच ठिकाणी एकास आठच असतात. १६ गुणिले ९ म्हणजे १४४. २१६ पैकी ७२ रुपये गेले, बरोबर एक तृतीयांश. लोकांना ही जागा सोपी वाटते, कारण कुठली ना कुठली जोडी पडताना सारखी दिसत असते. ते खरंच आहे, तीन फाशांत कुठलीतरी जोडी किंवा तिन्ही सारखे असं २१६ पैकी ९६ वेळा येतं. पण तुम्ही पैसे लावता ते एका ठरलेल्या जोडीवर, आणि तिच्या वाट्याला त्या ९६ पैकी १६ च.

तिन्ही सारखे येण्याचंही असंच. ‘कुठलेही तिन्ही सारखे’ फक्त ६ प्रकारे येतात. एकास ३० मिळाले तर परत १८६, एकास २४ मिळाले तर परत १५०. ‘ठरलेले तिन्ही’, म्हणजे समजा तीन पंजे, एकाच प्रकारे येतात. एकास १८० मिळाले तर परत १८१, एकास १५० असेल तर १५१. दीडशे पट हा आकडा ऐकायला मोठा, पण येण्याची शक्यता २१६ त एक आहे हे ध्यानात घेतलं की तो तोकडा पडतो. आणि बेरीज ५ किंवा १६ बघून घ्या. त्या ६ प्रकारे येतात. एकास ३० असेल तर १८६ परत. पण काही ठिकाणी याच चौकटीत १८ छापलेले असतात. ६ गुणिले १९ म्हणजे ११४, जवळजवळ निम्मा पैसा गेला. तिथे एक रुपयाही ठेवू नका.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की जागेचं नाव ऐकून ती चांगली-वाईट ठरत नाही, चौकटीत छापलेला मोबदला वाचावाच लागतो. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे दोन ठरलेल्या वेगळ्या आकड्यांची जागा, जसे ‘२ आणि ५ दोन्ही दिसतील’. असं ३० प्रकारे होतं. मोबदला एकास सहा असेल तर ३० गुणिले ७, परत २१०, म्हणजे थेट बिग-स्मॉलच्या तोडीची. एकास पाच असेल तर परत १८०, तोटा १६.६७ टक्के. चौकट तीच, फासे तेच, छापील आकड्यात फरक फक्त एकाचा. आणखी एक नजर टाका: मोबदल्यात तुमची लावलेली रक्कम धरलेली आहे का? डीलरला सरळ विचारायचं, ‘शंभर लावून जिंकलो तर एकूण किती हातात?’ सहाशे म्हणाला तर तो मोबदला एकास पाचच आहे, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

एकाच आकड्यावर लावण्याची जागाही असते. एकदा दिसला तर एकपट, दोनदा दुप्पट, तीनदा तिप्पट. इथे २१६ पैकी १९९ परत येतात, तोटा ७.८७ टक्के. तीनदा आल्यावर १२ पट देत असतील तर २०८. आपल्याकडे जत्रेत कुठं कुठं चित्रांचे फासे घेऊन बसतात. तिथे तीन फासे आणि एक-दोन-तीन पट असा हिशोब असेल तर तो हाच डाव आहे, तोटाही हाच, तोसुद्धा फासे खरे असतील तर. शिवाय महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. त्यापासून लांबच राहा.

एखाद्या कॅसिनोत दोन फाशांचं क्रॅप्सचं टेबल असेल तर त्याचेही दोन शब्द. तिथली ‘पास लाइन’ ही जागा १.४१ टक्के घेते, म्हणजे सिक बोच्या कुठल्याही नेहमीच्या जागेपेक्षा स्वस्त. त्याच टेबलाच्या मधल्या भागात ‘एनी सेव्हन’ असते: पुढच्याच फेकीत ७ येईल यावर एकास चार. ७ येतो ३६ पैकी ६ वेळा. ६ गुणिले ५ म्हणजे ३० परत, ६ गेले, १६.६७ टक्के. टेबल बदललं तरी रीत तीच.

आता दुप्पट करत जाण्याबद्दल. ‘कधीतरी येतंच’ हे खरं आहे, पण ते येईपर्यंत तुमचे पैसे टिकायला हवेत. ५०० पासून सुरुवात केली तर ५००, १,०००, २,०००, ४,००० आणि ८,०००, पाच हारींत १५,५०० जातात. सहाव्या वेळी १६,००० लावायचे, आणि तुमच्याकडे उरलेत ४,५००. सलग पाच हारी ही क्वचितची गोष्ट वाटते, पण स्मॉलवर त्याची शक्यता साधारण २८ त एक आहे. म्हणजे २७ वेळा ५००-५०० जिंकून तुम्ही १३,५०० मिळवणार आणि एका वेळी १५,५०० घालवणार. पैसे जास्त असले तरी टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. स्क्रीनवर आधीचे निकाल दाखवतात ते बघून लोक अंदाज बांधतात, पण काचेखाली हलणाऱ्या फाशांना आधीच्या डावाचं काही ठाऊक नसतं. सात वेळा बिग आल्यावर आठव्या वेळी स्मॉलच्या शक्यता १०५ च राहतात, एकही वाढत नाही.

काही जण बिगवर लावून शेजारी तिन्ही-सारख्यांवर थोडे ‘विम्याचे’ म्हणून ठेवतात. पहिल्या रकमेचा तोटा २.७८ टक्के होता तो तेवढाच राहतो, आणि विम्याच्या रकमेवर साधारण १४ ते ३१ टक्के वेगळे जातात. वाईट जागा चांगल्या जागेशेजारी ठेवल्याने सुधारत नाही.

तुम्ही आडतीतले आहात म्हणून मुख्य मुद्दा तुमच्याच भाषेत सांगतो. मोंढ्यात एका पोत्यावर आडत एकदाच कापली जाते. इथे तेच पोतं रात्रभर पुन्हा पुन्हा विकलं जातं आणि दर विक्रीला आडत कापली जाते. म्हणून २.७८ टक्के हे तुमच्या २०,००० वर लागत नाहीत, रात्रभरात लावलेल्या एकूण रकमेवर लागतात. दर डावाला ५००, तासाला ४० डाव धरले तर चार तासांत ८०,००० ची उलाढाल होते. स्मॉलवर त्यात सरासरी २,२०० च्या आसपास जातात. एकास सहाच्या ९ वर सुमारे १५,२००. एकास आठच्या जोडीवर सुमारे २६,७००, म्हणजे तुमच्याकडे आहेत त्याहून जास्त, रात्र संपण्याआधीच खिसा रिकामा. स्मॉलवरही एखाद्या रात्री पाच-सहा हजार वर किंवा खाली होऊ शकतं, ती सरासरी आहे, हमी नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा. खेळायचंच असेल तर बिग-स्मॉल, आणि बोर्डावर एकास सहा दिसलं तर दोन आकड्यांची जागा. बाकी टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही. रक्कम लहान ठेवा, टेबलाची जी किमान असेल तीच. डाव कमी करा, दर दोन डावांमागे एक सोडलात तर उलाढाल आपोआप घटते, आणि तोटा उलाढालीवरच चालतो. २०,००० चे पाच वाटे आधीच करा, ज्याचे त्याने ४,००० घ्यावेत. सामायिक पैशात एकाची हार दुसऱ्याच्या वाट्यातून भरून निघते आणि वाद मित्रांमध्ये राहतो. मित्राला ९ वरच लावायचं असेल तर त्याच्या वाट्यातून लावू दे, पण आधी त्याला २५ आणि २७ मोजून दाखवा. परतीच्या गाडीभाड्याचे पैसे हॉटेलवरच ठेवा. जिंकलात तर एक गोष्ट माहीत असू द्या: जुगारातल्या जिंकण्यावर ३० टक्के आयकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वरच्या कुठल्याच हिशोबात हा कर मी धरलेला नाही.

मोबाईलवर पैसे लावून सराव मुळीच करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. जी ॲप्स तरीही चालतात त्यांचे फासे कुणी हलवतं की नाही हे तुम्हाला दिसत नाही, आणि तासाला ४० ऐवजी कितीतरी जास्त डाव होतात. सराव हवाच असेल तर दुकानातून तीन फासे आणा, आडतीच्या दुकानात संध्याकाळी पाचही जण बसा आणि प्रत्येक फेकीला ९ आणि ठरलेली जोडी यांचा हिशोब वहीत लिहा. पैसे लावू नका, नुसतं लिहा. दोनशे-सव्वादोनशे फेकी सहज होतात. आणि तुमच्यापैकी कुणी आधीच ॲपवर पैसे घालवून ते भरून काढायलाच गोव्याला निघाला असेल, तर त्याला टेबलावर नेऊ नका. त्याच्याशी निवांत बोला आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक द्या. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.